पाचर चढती, भाव मात्र उतरणीला

रांजणगाव एमआयडीसीत तीनच्या सुमारास पहिली पाळी सुटली की बसची वाट बघणारी पोरं मोबाइलवर शेअरचे चार्ट उघडतात. ओळखीच्या एका मुलाने मला असाच एक रायझिंग वेज, म्हणजे चढती पाचर दाखवली. "काका, तळ वाढतायत, शिखरंही वाढतायत. घेऊन टाकू का?"

गैरसमज : पाचर चढती म्हणजे तेजी पक्की.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. दर वीस दिवसांनी तळ 400, 420, 440 आणि मधली शिखरं 440, 452, 464. आता प्रत्येक उसळी मोजा : 40 रुपये, मग 32, मग 24. घेणारा दर वेळी महाग घेतोय आणि त्याच्या पदरात कमी पडतंय. त्यातच रोजची उलाढाल आटत असेल, तर नवं गिऱ्हाईक येत नाही असंच समजायचं. उशिरा घेतलेल्यांचे स्टॉपलॉस खालच्या रेषेच्या जरा खाली दाटीने लागलेले असतात. रेषा तुटली की ते एकापाठोपाठ एक सुटतात आणि भाव घसरतो. हे बऱ्याचदा होतं, नेहमी नाही. जोरदार तेजीत भाव वरची रेषा फोडूनही निघून जातो.

गैरसमज : रेषा तुटली की खात्री झाली.

इथेच जास्त पैसे जातात. आपल्या उदाहरणात खालची रेषा रोज 1 रुपया चढते. पंचावन्नाव्या दिवशी ती 455 वर आहे आणि भाव 456. पुढचे दोन दिवस भाव हललाच नाही, तरी रेषा 457 वर जाते आणि चार्टवर 'ब्रेकडाउन' दिसतो. प्रत्यक्षात कुणी जोर लावून विकलेलं नसतं.

म्हणून मी आधी दिवसाचा बंद भाव बघतो. तीनला दिसणारी कँडल अर्धवट असते, साडेतीनपर्यंत ती पार बदलू शकते. मग त्या दिवसाची उलाढाल वीस दिवसांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे जास्त आहे का, ते तपासतो. पण माझा खरा भरवसा शेवटच्या तळावर, म्हणजे 440 च्या खाली बंद होण्यावर असतो. भाव पुन्हा वर येऊन तुटलेल्या रेषेला टेकला आणि तिथून परत फिरला, तर आणखी चांगलं. एवढं थांबल्यावर निदान 16 रुपये हातचे जातात, हे मान्य. त्या मुलाला मी शेअर घेऊ नको म्हटलं. ज्याच्याकडे आधीच आहे, त्याच्यासाठी ही बाहेर पडण्याची खूण. शॉर्ट करण्याची नाही, कारण रोखीच्या बाजारात आपल्याला शॉर्ट सौदा दुसऱ्या दिवसावर नेता येत नाही.

उतरत्या पाचरीत, फॉलिंग वेजमध्ये, हेच उलट होतं : घसरणी लहान होत जातात आणि भाव बऱ्याचदा वर फुटतो. पण तिथे उलाढालीची अट मी जास्त कडक ठेवतो. भाव गिऱ्हाईक नसलं तरी पडतो, चढायला मात्र घेणारा लागतो. पडून राहिलेल्या शेअरवरूनही उतरती रेषा आपोआप खाली निघून जाते, म्हणून शेवटच्या शिखराच्या वर बंद होईपर्यंत मी तो फुटला असं धरत नाही.