अर्धा किलो मिठाईच्या बॉक्सचा हिशेब

दसरा झाला की पुण्यात बोहरी आळीतल्या दुकानांपुढे मिठाईच्या रिकाम्या बॉक्सच्या थप्प्या लागतात. घेणाऱ्यांत मोठे मिठाईवाले असतात, तशाच घरून लाडू-वड्या करून विकणाऱ्या बायका आणि बचत गटही असतात. बॉक्सचा भाव त्या चार दुकानांत फिरून पाडून घेतात, रिबन मात्र रंग बघून घेतात. विक्रीची किंमत ठरवायची वेळ आली, की बऱ्याचदा मोठ्या दुकानातल्या पाटीकडे बघितलं जातं. तिथे पाचशे आहे ना, मग आपण साडेचारशे लावू. त्या साडेचारशेतून हातात काय राहिलं, ते भाऊबीज उलटल्यावर कळतं.

हा हिशेब आधी करता येतो. त्यासाठी एक नमुना घेऊ. एका घरगुती उद्योगाला १०० बॉक्स भरायचे आहेत, प्रत्येकात अर्धा किलो मिठाई. बॉक्समध्ये ४० ग्रॅमचे चार बेसन लाडू, २५ ग्रॅमचे आठ मलई पेढे आणि १४ ग्रॅमच्या दहा काजूकतल्या. म्हणजे १६०, २०० आणि १४० ग्रॅम, मिळून बरोबर ५००. पुढचे भाव समजण्यासाठी धरलेले आहेत. दर गावागावात आणि दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे प्रत्येकीने आपल्या बिलांवरचे आकडे घालावेत. रीत तीच राहते.

सुरुवात लाडवापासून. एक किलो बेसन ११० रुपये, अर्धा किलो साजूक तूप ३२५, साडेआठशे ग्रॅम पिठीसाखर ४१, वेलची-बेदाणे ५४ आणि गॅस ३०. एकूण ५६० रुपये. कच्च्या मालाचं वजन जवळजवळ २४०० ग्रॅम भरतं, आणि चूक होते ती इथेच. बेसन मंद आचेवर खमंग भाजताना त्यातला ओलावा जातो, थोडं कढईला आणि हाताला राहतं. तयार लाडू मोजले तर २२४० ग्रॅम, म्हणजे ५६ लाडू होतात. म्हणून ५६० रुपयांना भागायचं ते २.२४ किलोने. लाडू पडतो १० रुपयांना आणि किलोचा खर्च येतो २५० रुपये. कच्च्या वजनाने भागलं असतं तर तोच खर्च २३३ दिसला असता आणि दर किलोमागे १७ रुपये हिशेबातून गळाले असते.

काजूकतलीत हा फरक आणखी जाणवतो, कारण ताटाच्या कडेचे तुकडे शंकरपाळ्याच्या आकारात बसत नाहीत. ते घरात खाल्ले जातात, पण काजूचे पैसे तर गेलेलेच असतात. बॉक्समध्ये ठेवण्याजोगा माल दीड किलो निघाला आणि त्यामागे ९९० रुपये गेले असतील, तर कतली किलोला ६६० रुपये पडली. पेढे या उद्योगाने बाहेरून ४८० रुपये किलोने घेतले आहेत.

आता प्रत्येक मिठाईचा खर्च तिच्या ग्रॅमनुसार धरायचा. लाडवांचे ४० रुपये, पेढ्यांचे ९६, कतलीचे ९२ रुपये ४० पैसे. बेरीज २२८ रुपये ४० पैसे. तीन भावांची सरासरी काढून तिची निम्मी रक्कम धरण्याची सोपी वाट अनेकजण घेतात. तिन्हींचं वजन जवळपास सारखं असेल तोवर ती फारशी चुकत नाही. पण गिऱ्हाईक म्हणालं, ‘एक लाडू कमी करा आणि तेवढी काजूकतली वाढवा,’ तर वजन तेच राहतं आणि खर्च सोळा रुपयांहून जास्त वाढतो. सरासरीला त्याचा पत्ताच लागत नाही.

फुटलेले लाडू, मोडलेल्या कतल्या आणि चाखायला दिलेले तुकडे यांसाठी चार टक्के धरले, तर मिठाईचा खर्च २३७ रुपयांवर जातो. या चार टक्क्यांना सगळ्यात मोठा धोका वळणाऱ्या हाताचा असतो. अंदाजाने वळलेला लाडू सहज ४४ ग्रॅमचा होतो. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ४०० लाडवांत ते १६०० ग्रॅम होतात. चारशे रुपयांचे लाडू फुकट गेले. वजनकाटा जवळ ठेवून पहिले दहा लाडू तोलून वळले, की हाताला माप बसतं आणि मग अधूनमधून एखादा तोलला तरी पुरतं.

कमी भरणं मात्र चालत नाही. बंद बॉक्सवर जे निव्वळ वजन छापायचं, ते कायद्याने फक्त मिठाईचं असतं. पुठ्ठा, कागदी वाट्या, बटर पेपर त्यात धरता येत नाहीत. म्हणून वाट्या मांडलेला रिकामा बॉक्स काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मगच भरायला घ्यायचं. पेढा दोन दिवसांत थोडा सुकतो, तेव्हा त्या बाजूला दोन-चार ग्रॅम हात सैल ठेवलेला बरा.

बॉक्स ३२ रुपयांचा. वाट्या आणि बटर पेपर मिळून ७, लेबल आणि शुभेच्छांचं कार्ड मिळून ४. राहिली रिबन. ती अंदाजावर सोडली जाते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

बॉक्स २० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ उंच आहे. एका दिशेने रिबनचा वेढा घेतला की वर-खाली वीस-वीस आणि दोन बाजूंना पाच-पाच, असे ५० सेंटिमीटर लागतात. दुसऱ्या दिशेने आणखी ५०. वरच्या फुलाला आणि गाठीला साठेक सेंटिमीटर. एका बॉक्सला १.६ मीटर रिबन हवी. बाजारात सॅटिनच्या रिबनचं रीळ बऱ्याचदा २५ वारांचं असतं. वार म्हणजे मीटर नव्हे. २५ वार म्हणजे २२.८६ मीटर. एका रिळात १४ बॉक्स होतात आणि शेवटी हातभर तुकडा उरतो, जो कशालाच पुरत नाही. सात रिळांत ९८ बॉक्स होतात, शेवटच्या दोन बॉक्ससाठी आठवं रीळ आणावं लागतं. ८४ रुपयांच्या रिळाप्रमाणे ६७२ रुपये, म्हणजे बॉक्समागे सातेक रुपये. २५ मीटर समजून एका रिळात १५ बॉक्स धरणाऱ्या बाईंची रिबन ऐन वसुबारसेला संपते, आणि तेव्हा त्या रंगाचं रीळ बाजारात मिळेलच असं नसतं.

असे पॅकिंगचे ५० रुपये झाले.

यानंतर येते मजुरी, आणि घरगुती उद्योगात हीच सर्वाधिक वेळा गाळली जाते. शंभर बॉक्सचे लाडू, कतल्या आणि भरणी-बांधणी यांत दोन बायकांचे तीन दिवस जातात. रोजाला ६०० रुपये धरले तर ३६०० रुपये, बॉक्समागे ३६. त्या दोघींपैकी एक उद्योगाची मालकीण असली, तरी तिचा रोज धरायलाच हवा. तो न धरता जो नफा दिसतो, तो नफा नव्हे, तिचीच न दिलेली मजुरी असते. मालाची ने-आण, वीज, फोन यांचे १२०० रुपये म्हणजे बॉक्समागे १२. मिठाई २३७, पॅकिंग ५०, मजुरी ३६, वरखर्च १२. एकूण ३३५ रुपये.

आता नफा. विक्रीच्या दर शंभर रुपयांतले पंचवीस आपले राहावेत, असं ठरवलं आहे. बहुतेकजण ३३५ मध्ये त्याचे पंचवीस टक्के मिळवतात, ४१९ येतात आणि किंमत ४२० ठरते. पण ४२० तून ३३५ वजा केले की ८५ उरतात, आणि ८५ हे ४२० च्या वीस टक्क्यांच्या आसपास आहेत. पंचवीस टक्के आपले ठेवायचे म्हणजे खर्च हा किमतीचा पंचाहत्तर टक्के असला पाहिजे. म्हणून ३३५ ला ०.७५ ने भागायचं. उत्तर ४४७, व्यवहारात ४५०. दोन रीतींमधला फरक बॉक्सला ३० रुपयांचा, १०० बॉक्सला ३००० रुपयांचा.

बॉक्सवर छापायची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, हेही इथेच लक्षात घ्यायला हवं. मिठाईवर पाच टक्के जीएसटी आहे. उद्योगाची नोंदणी असेल तर छापलेल्या ४५० मधून कर बाजूला काढल्यावर ४२८ रुपये ५७ पैसे उरतात, आणि आपलं गणित त्या रकमेवर करावं लागतं. नोंदणी नसलेल्यांना हा कर लावायचा नसतो. पण बॉक्स आणि रिबन घेताना भरलेला कर त्यांना परत मिळत नाही, म्हणून वरचे भाव करासकट धरायचे.

खरी परीक्षा होते ती घाऊक गिऱ्हाइकापुढे. एखाद्या ऑफिसचा माणूस येतो आणि म्हणतो, “ताई, शंभर घेतोय, दहा टक्के तरी कमी करा.” किंमत ४०५ वर येते. खर्च काही दहा टक्क्यांनी उतरत नाही, तो ३३५ वरच असतो. नफा ११५ वरून ७० वर येतो. किमतीतली दहा टक्क्यांची सूट नफ्यातले जवळजवळ चाळीस टक्के घेऊन जाते.

अशा वेळी सूट देण्यापेक्षा बॉक्स बदलणं शहाणपणाचं. ४०५ मध्ये पंचवीस टक्के राखायचे, तर खर्च ३०४ च्या आत बसवायला हवा, म्हणजे ३१ रुपये कमी करायचे. चाळीस ग्रॅम कतलीच्या जागी पाचवा लाडू ठेवला की घटीसकट १७ रुपये वाचतात. खिडकीचा, चकचकीत छपाईचा बॉक्स सोडून २० रुपयांचा साधा घेतला तर १२. रिबनचा एकच वेढा दिला की बॉक्सला साधारण १.०५ मीटर पुरते, एका रिळात २१ बॉक्स होतात, पाच रिळांत काम भागतं आणि अडीच रुपये सुटतात. झाले साडेएकतीस. ऑफिसला ४०५ चा बॉक्स मिळाला, वजन पुरतं अर्धा किलो राहिलं आणि उद्योगाचा हिस्साही शाबूत राहिला. मात्र नवा नमुना गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा. ठरल्यापेक्षा वेगळा बॉक्स परस्पर पोचवला तर पुढच्या वर्षी फोन येत नाही.

मागणी नसताना जास्तीचे बॉक्स भरून ठेवण्याचा मोह टाळलेला बरा, आणि त्याचं कारण आत ठेवलेला पेढा आहे. लाडू पंधरा दिवस टिकतो, खव्याचा पेढा तेवढा थांबत नाही, आणि भाऊबीज झाली की विचारायला कुणी येत नाही. न विकलेल्या एका बॉक्समागे ३३५ रुपये अडकतात, तर विकलेल्या बॉक्समागे ११५ मिळतात. म्हणजे एक बॉक्स उरला की तीन बॉक्सची कमाई गेली. शंभरांतले आठ उरले तर ११,५०० रुपयांचा अपेक्षित नफा ७,९०० वर येतो. म्हणून जाणकार बायका बॉक्स आणि रिबन दसऱ्याला आणतात, काजू भाव बघून घेतात, पण पेढ्यांची मागणी डेअरीला द्यायच्या आधी गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आगाऊ घेतात.