ब्लिचिंग टाकलं, पण पाणी शुद्ध झालं का?

पांढुर्णा आणि सौसर भागात पावसाळा लागला की विहिरीत ब्लिचिंग पावडर पडते, पाण्याला वास येतो आणि गाव निर्धास्त होतं. पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झालं, हा या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पावडर टाकणं ही फक्त सुरुवात असते. पाण्यातला गाळ, शेवाळ, लोह आणि कुजका पाला आधी आपापला वाटा क्लोरीनमधून खातात. त्यांचं भागल्यावर जो मोकळा क्लोरीन उरतो, तोच जंतूंच्या वाट्याला येतो. त्यामुळे विहिरीत किती टाकलं यापेक्षा अर्ध्या तासानंतर किती उरलं, हा खरा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा, आणि विषाणूंची भीती असेल तर 0.5. जागतिक आरोग्य संघटनाही 0.5 चाच आकडा देते, पण दोन अटी घालून: पाणी क्लोरीनसोबत किमान 30 मिनिटं राहिलं पाहिजे आणि त्याचा पीएच 8 च्या खाली असला पाहिजे. आपल्याकडे आकडा लक्षात राहतो, अटी मात्र गळून पडतात.

पीएचची अट का, हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप समजतं. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो. एक हायपोक्लोरस आम्ल, दुसरं हायपोक्लोराइट. पहिल्यावर विद्युतभार नसतो, म्हणून ते जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतं. दुसऱ्यावर ऋणभार असतो. जंतूच्या पृष्ठभागावरही बहुधा ऋणभारच असल्यामुळे ते बाहेरच अडतं. आतड्यातल्या जंतूंवर पहिलं रूप दुसऱ्यापेक्षा सुमारे 80 ते 100 पट प्रभावी मानलं जातं. यातलं कोणतं रूप किती असेल, हे पाण्याची आम्लता ठरवते. पीएच 7 असेल तर तीन चतुर्थांशांहून अधिक क्लोरीन प्रभावी रूपात असतो. 7.5 ला तो साधारण अर्ध्यावर येतो, 8 ला पाव उरतो आणि 8.5 ला जेमतेम दहावा हिस्सा. चाचणीच्या नळीतला रंग दोन्ही रूपं एकत्र मोजतो, त्यामुळे आकडा तोच दिसतो आणि मारक ताकद मात्र कितीतरी पटींनी वेगळी असते.

आपल्या भागाला हे लागू आहे, कारण इथल्या विहिरी काळ्या बेसाल्ट खडकात आहेत आणि सौसरकडे संगमरवर व चुनखडीच्या जातीचे खडकही सापडतात. भूशास्त्रज्ञ त्या जुन्या खडकांच्या समूहाला सौसरच्याच नावाने ओळखतात. असे खडक पाण्याला जडपणा देतात आणि पीएच 7 च्या वर नेतात. प्रत्येक विहीर 8 च्या पुढे असते असं नाही, पण न मोजता खाली धरून चालणंही बरोबर नाही. गावच्या फील्ड टेस्ट किटमध्ये पीएच आणि उर्वरित क्लोरीन, दोन्हींची सोय असते. एकाच बैठकीत दोन्ही बघायला फार तर दहा मिनिटं लागतील.

मग लिंबू पिळावं, की थोडं ॲसिड टाकावं? असं चुकूनही करू नका. जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, ते आम्ल गिळून टाकतं आणि विहिरीचा पीएच फारसा हलत नाही. वर संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लिचिंगचं घट्ट द्रावण एकत्र आलं, तर क्लोरीन वायू सुटून माणूस गुदमरतो. ‘ब्लिचिंगमध्ये चुना असतो, त्यानेच पाणी क्षारीय होतं,’ हा आक्षेपही निघतो. बादलीतल्या घट्ट द्रावणापुरता तो बरोबर आहे. विहिरीत हजार लिटरमागे दोन-तीन ग्रॅमच पडतात, तेवढ्याने फरक पडत नाही. खरा उपाय वेळेचा आहे. क्लोरीनची मात्रा आणि संपर्काचा वेळ यांचा गुणाकार जंतूंवरचा परिणाम ठरवतो, म्हणून प्रभावी रूप कमी असेल तर वेळ वाढवायचा. शिवाय प्रभावी रूप वापरलं गेलं की दुसऱ्या रूपातून ते पुन्हा तयार होतं, म्हणजे अडून बसलेला क्लोरीन वाया जात नाही, फक्त सावकाश कामी येतो. संध्याकाळचा उपसा संपल्यावर औषध टाकून सकाळी पाणी मोजलं आणि 0.5 वर उरलेलं दिसलं, तर 8 च्या पुढच्या पीएचमध्येही काळजीचं फारसं कारण उरत नाही.

एक उदाहरण करून पाहू. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाण्याची उंची 3 मीटर असेल, तर पाणी सुमारे 21,200 लिटर भरतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या ब्लिचिंगचा नेहमीचा हिशेब घेतला, तर 53 ग्रॅम लागेल. त्यात 33 टक्के क्लोरीन धरला, तर लिटरमागे 0.83 मिलिग्रॅम पडतो, आणि पाण्याने त्यातला 0.3 खाल्ला तर 0.5 च्या वर उरतो. पण पोतं उघडं, ओलसर खोलीत महिनोन् महिने पडून असेल तर ताकद निम्म्यावर येते, आणि मग त्याच 53 ग्रॅममधून 0.1 च्या आसपासच उरतं. पावडर थेट फेकू नये. बादलीत थोड्या पाण्याने तिची पेस्ट करावी, मग पाणी वाढवून ढवळावं आणि दहा मिनिटं ठेवावं. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोरीने विहिरीत सोडावी आणि पाण्याखाली वर-खाली हलवावी. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नये.

‘मडकं टांगलंय ना,’ असंही ऐकू येतं. नागपूरच्या नीरीची दुहेरी मडक्याची पद्धत उत्तम आहे, पण ती घरच्या लहान विहिरीसाठी आहे. आतल्या मडक्यात एक किलो ब्लिचिंग आणि दोन किलो जाड वाळू ओलसर करून भरतात, ते मडकं दुसऱ्यात ठेवून पाण्याखाली सोडतात. सुमारे 4,500 लिटर पाणी आणि दिवसाला 360 ते 450 लिटर उपसा असेल, तर ते दोन-तीन आठवडे पुरतं. तेच मडकं गावच्या वीस हजार लिटरच्या विहिरीत टांगलं, तर क्लोरीन मोजण्याइतकाही उरणार नाही.

उरला वास. पाण्याला तीव्र वास म्हणजे औषध जास्त, असं सर्रास समजलं जातं. अनेकदा उलटं असतं. गोठ्याचं किंवा शोषखड्ड्याचं पाणी मुरून अमोनिया आला, की क्लोरीन त्याच्याशी जोडला जातो आणि उग्र वासाची संयुगं बनतात. ती जंतू मारण्यात फार दुबळी असतात. गावोगावची ओटी टेस्ट इथे फसवते. पहिल्या काही सेकंदांतला पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा असतो, थांबून पाहिलं की जोडलेल्याचाही रंग चढतो. म्हणून दहा सेकंदांत वाचायचं, किंवा डीपीडीची चाचणी वापरायची. क्लोरीनने घातक उपउत्पादनं बनतात, हा आक्षेप खोटा नाही, पण जंतू न मारलेल्या पाण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. आणि गढूळ पाणी आधी निवळून घेतलं तर ही उपउत्पादनंही कमी बनतात. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र क्लोरीनने जात नाहीत, त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

पंचायतीच्या वहीत ‘ब्लिचिंग टाकलं’ एवढंच लिहिलेलं असेल, तर पुढच्या वेळी तीन रकाने आणखी मागा: पाण्याचा पीएच, औषध टाकल्याची वेळ आणि अर्ध्या तासानंतर उरलेला मोकळा क्लोरीन.