ऑपरेशनआधीचे चार आठवडे

हर्नियाचं ऑपरेशन ठरलं की सर्जन रक्तदाब आणि साखर विचारतात आणि पाठोपाठ विचारतात, "विडी-सिगारेट ओढता का? दारू घेता का?" बायको-मुलं शेजारी बसलेली असली की पेशंट हमखास आकडा कमी करून सांगतात. हा प्रश्न फक्त भूल देण्यापुरता आहे, असाही अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जिथे टाके पडणार आहेत, त्या त्वचेसाठीही तो तितकाच महत्त्वाचा आहे.

समजा, पन्नाशीतला एक गृहस्थ रोज दहा सिगारेटी ओढतो. त्याच्या पोटावर चीर दिली, टाके घातले. काही मिनिटांत रक्त गोठतं. पुढचे तीन-चार दिवस पांढऱ्या पेशी जखमेतले जंतू मारतात आणि मेलेल्या पेशी साफ करतात. त्यानंतर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन तयार करू लागतात. कोलॅजन म्हणजे त्वचेला बळकटी देणारं तंतुमय प्रथिन. बाहेरून जखम भरलेली दिसली, तरी तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच असते.

या सगळ्या कामाला ऑक्सिजन लागतो आणि सिगारेट नेमका तोच तोडते. निकोटिनमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. ऑक्सिजन कमी पडला की पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता घटते आणि कोलॅजनचे तंतू पक्के होत नाहीत. तंतू पक्के व्हायला क जीवनसत्त्वही लागतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात तेही कमी असतं. त्यात खोकला असतो. खोकल्याच्या प्रत्येक उबळीला पोटाच्या टाक्यांवर ताण येतो.

चेहऱ्यावर हेच वर्षानुवर्षं, सावकाश घडत असतं. नवं कोलॅजन कमी बनतं आणि जुनं तोडणारी विकरं वाढतात. त्वचा निस्तेज, राखाडी दिसते, ओठांभोवती आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात. डग्लस मॉडेल या ब्रिटिश डॉक्टरांनी 1985 मध्ये अशा चेहऱ्याची लक्षणं नोंदवली होती.

दारूचा मार्ग वेगळा आहे. दारूने चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून चेहरा लाल होतो. ज्यांना रोझेशिया आहे, त्यांचा त्रास अनेकदा दारूने बळावतो. लघवी जास्त होऊन शरीरातलं पाणी कमी होतं. रोज भरपूर पिणाऱ्याचं जेवण कमी होतं, प्रथिनं, जस्त आणि जीवनसत्त्वं अपुरी पडतात, प्रतिकारशक्ती मंदावते आणि रक्त गोठण्यातही अडथळा येतो.

आता सोडल्यावर काय होतं ते पाहू. कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात बहुतांशी निघून जातो. जंतुसंसर्गाचा धोका कमी व्हायला मात्र काही आठवडे लागतात. डेन्मार्कमध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेवर मुद्दाम लहान छेद देऊन केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांच्या 12 टक्के जखमांत जंतुसंसर्ग झाला, कधीच न ओढणाऱ्यांच्या 2 टक्के जखमांत. चार आठवडे सिगारेट बंद ठेवलेल्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. सोडण्यासाठी निकोटिनचा पॅच लावलेल्यांनाही हा फायदा मिळाला, म्हणजे पॅच लावून सोडणं वाया जात नाही. रोज पाच-सहा पेग पिणाऱ्यांवर डेन्मार्कमध्येच झालेल्या छोट्या अभ्यासात, आतड्याच्या ऑपरेशनआधी महिनाभर दारू बंद ठेवल्यावर गुंतागुंतीचं प्रमाण 74 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आलं.

चेहऱ्यावरचा राखाडीपणा काही आठवड्यांत कमी होऊ लागतो. पडलेल्या खोल सुरकुत्या मात्र पुसल्या जात नाहीत, त्या वाढण्याचा वेग कमी होतो. कोलॅजन तयार करणाऱ्या पेशी पूर्ववत व्हायला चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ लागतो, म्हणून ऑपरेशननंतरही सिगारेट बंदच ठेवायला हवी.

दारूबाबत एक सावधगिरी जिवाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भ्रम होणं, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं घेऊनच दारू सोडावी.

टाक्यांभोवतीची लाली रोज पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू येत असेल, कडा काळ्या पडत असतील किंवा ताप असेल, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जावं. आणि ऑपरेशनची तारीख घेतानाच दिवसाला किती सिगारेटी आणि किती पेग, हा खरा आकडा सांगावा. घाई नसलेलं ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलणं सर्जनला सहसा जमतं, पण त्यासाठी त्यांना आधी कळायला हवं.