पांढऱ्या भिंतीपुढचा भांग

पासपोर्ट सेवा केंद्रात ‘ए’ काउंटरवर टोकन लागतं, समोरची मुलगी कागद स्कॅन करते, बोटांचे ठसे घेते आणि मध्येच म्हणते, “काका, कॅमेऱ्याकडे बघा.” काका बघतात आणि फोटो निघून जातो. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, म्हणजे त्या क्षणी जसे होतो तसेच दहा वर्षं इमिग्रेशनच्या खिडकीत दिसणार. घरी आल्यावर बहुतेकांची तक्रार नाकाडोळ्यांची नसते. ‘माझं कपाळ एवढं मोठं आहे?’, ‘भांग इतका रुंद कधी झाला?’, ‘दाढी मळकट का दिसतेय?’ असे प्रश्न असतात. घरच्या आरशात यातलं काहीच दिसलेलं नसतं.

आरसा खोटं बोलत नाही, फरक उजेडाचा असतो. घरात दिवा एका बाजूला किंवा डोक्यावर असतो. उजेड तिरका आला की प्रत्येक केसाची सावली शेजारच्या केसावर आणि खालच्या त्वचेवर पडते. या सावल्या काळ्या केसांत मिसळतात आणि केस आहेत त्यापेक्षा दाट भासतात. ओळखपत्राच्या फोटोला मात्र सावली चालत नाही. चेहऱ्यावर नको, मागच्या भिंतीवर तर नकोच. म्हणून स्टुडिओवाला दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांत एकेक दिवा लावतो, म्हणजे एकाची सावली दुसरा पुसून टाकतो. यालाच सपाट उजेड म्हणायचं. त्यात केसांच्या फटींतली त्वचाही चेहऱ्याइतकीच उजळते. शिवाय भांगाखालच्या त्वचेला ऊन फारसं लागलेलं नसतं, त्यामुळे ती मुळातच चेहऱ्यापेक्षा गोरी असते. मागे पांढरी भिंत असल्यामुळे स्वयंचलित कॅमेरा उजेड जास्त समजून चेहरा काळवंडून टाकतो. मग ऑपरेटर संगणकावर उजळपणा वाढवतो, आणि आधीच गोरा असलेला भांग पार पांढराफटक होतो.

यावर पहिला उपाय तेल न लावण्याचा. आपल्याकडे बाहेर पडायचं म्हणजे तेल लावून, चापूनचोपून विंचरून जायचं, ही सवय जुनी आहे आणि नीटनेटकीही वाटते. पण तेलामुळे केस एकमेकांना चिकटून त्यांच्या जाड पट्ट्या होतात आणि दोन पट्ट्यांमधली त्वचा उघडी पडते. त्याच त्वचेवर तेलाची चकाकी असली की दिव्याचा उजेड थेट कॅमेऱ्यात परत येतो. म्हणून आदल्या संध्याकाळी केस धुवावेत आणि फोटो होईपर्यंत तेल टाळावं. केस वाळवताना मुळांपाशी नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेने फिरवून वाळवले, तर मुळं किंचित उभी राहतात आणि भांग आपोआप अरुंद होतो.

वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडणाऱ्यांचा भांग तिथे सहसा रुंदावलेला असतो. तो बोटभर बाजूला सरकवला तरी फरक दिसतो. सरळ रेघेऐवजी कंगव्याच्या टोकाने थोडा नागमोडी भांग पाडला तर कॅमेऱ्याला सलग उजळ रेघ सापडत नाही. ब्यूटी पार्लरवाल्या भांगात केसांच्या रंगाची, अजिबात न चमकणारी आयशॅडो बारीक ब्रशने टेकवतात. ती चालते, कारण ती फक्त चकाकी मारते. कपाळावर मात्र केसांची नवी कड रंगवू नये. फोटो तुमची ओळख पटवण्यासाठी आहे, आणि खिडकीपलीकडचा अधिकारी रंगवलेली कड नाही, तुमचं खरं कपाळ बघणार आहे.

कपाळ मोठं दिसण्यात कॅमेऱ्याच्या जागेचाही वाटा असतो, आणि घरी मोबाइलवर फोटो काढणारे इथेच फसतात. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा हातभर अंतरावर असतो. नाक फुगतं, कान मागे पळतात आणि मोबाइल जरा वर धरला तर कपाळ पसरतं. परदेशातल्या भारतीय वकिलातींकडे पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्यांना 2025 पासून 630 बाय 810 पिक्सेलचा फोटो लागतो. त्याच्या सूचनांत कॅमेरा दीड मीटरवर असावा असं म्हटलं आहे. ते अंतर पाळा, दुसऱ्या कुणाला तरी फोटो काढायला सांगा आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. हनुवटी खाली गेली की भांग आणि टाळू समोर येते, आणि उंच माणसं बुटक्या स्टुलावर बसून नेमकं हेच करतात.

आता उडणाऱ्या केसांकडे येऊ. त्यांची लोक गरजेपेक्षा जास्त धास्ती घेतात. याच 630 बाय 810 च्या फोटोत चेहऱ्याने चौकटीचा 80 ते 85 टक्के भाग व्यापायचा असतो. म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या साधारण 22 सेंटिमीटरना साडेसहाशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, मिलिमीटरला जेमतेम तीन. माणसाचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतो. सुटा उभा राहिलेला एकटा केस पिक्सेलचा पाव भागही व्यापत नाही, म्हणून फोटोत जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो शेकडो केसांचा मिळून झालेला करडा धूसर पट्टा. पांढऱ्या भिंतीपुढे डोक्याची कड कुठे संपते ते कळेनासं होतं, आणि वैताग तिथून सुरू होतो.

अशा वेळी बहुतेकजण पाण्याचा हात फिरवतात. पाच मिनिटांत पाणी वाळतं आणि केस पुन्हा उठतात. मुंबईच्या दमट हवेत तर आणखी कुरळे होऊन उठतात. त्यापेक्षा जुन्या, मऊ टूथब्रशवर थोडा हेअरस्प्रे मारून तो भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळाच्या कडेला केसांच्या वळणाने हलका फिरवावा. सीरम वापरत असाल तर दोनच थेंब तळहातांवर चोळून उरलेला ओशटपणा वरून फिरवा, मुळांना लावू नका. मग पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून कुणालातरी दीड मीटरवरून फोटो काढायला लावा. तो मोठा करून पाहू नका, बोटाच्या पेराएवढा लहान करून पाहा. त्या आकारात कड स्वच्छ दिसली की पुरे.

डोळ्यांवर येणारी बट मात्र एकटी असली तरी चालत नाही. चेहरा ओळखणारी यंत्रं आधी दोन डोळे शोधतात आणि बाकीचं माप त्यावरून घेतात. चेहऱ्याच्या दोन्ही कडाही दिसायला हव्यात. ‘कान दिसू द्या’ हा स्टुडिओतला जुना आग्रह मात्र आंतरराष्ट्रीय नियमांत सक्तीचा नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशनच्या फोटोंत 2004 पर्यंत मान वळवून उजवा कान दाखवावा लागायचा, कदाचित तीच सवय आपल्याकडे उरली असावी.

दाढीबद्दल माझं मत ठाम आहे. सपाट उजेडात सर्वांत वाईट दिसते ती तीन दिवसांची दाढी. इतक्या आखूड खुंटांना सावली नसते, त्यामुळे जिथे ते दाट आहेत तिथे निळसर करडा डाग आणि जिथे विरळ आहेत तिथे त्वचा, असे गालावर ठिपके ठिपके होतात. लोक याला ‘रफ लुक’ म्हणतात, फोटोत मात्र आजारी दिसतात. एकतर पूर्ण गुळगुळीत करा, नाहीतर निदान पाच-सहा मिलिमीटर वाढू द्या, म्हणजे केस एकमेकांवर पडून फटी झाकतील. गुळगुळीत करायची तर आदल्या रात्री नको, कारण सकाळपर्यंत सावट येतं. अगदी निघता निघताही नको, कारण वस्तऱ्याची लाली आणि पुरळ सपाट उजेडात ठळक उठतं. तीन-चार तास आधीची वेळ बरी. मानेवरची रेघ गळ्याच्या घाटीच्या दोन बोटं वर ठेवा. जबड्यावरच कापली तर हनुवटीखाली दोन रंगांची त्वचा दिसते.

केस कापणं आठवडाभर आधी आणि कलप लावणं तीन-चार दिवस आधी. ताज्या कापलेल्या कल्ल्यांशेजारी उन्हाने न रापलेल्या कातडीची पट्टी उघडी पडते, आणि ताज्या कलपाचे डाग त्वचेवर उरतात. काळाकुट्ट कलप दाढीला लावला तर कॅमेऱ्यात एकेक केस दिसत नाही, सगळा काळा गोळा होतो.

पांढऱ्या केसांची अडचण याच्या उलट. नात्यातल्या एका मावशी मुलाकडे जर्मनीला निघाल्या होत्या. वय साठीच्या पुढे, केस पूर्ण पिकलेले, मधोमध भांग आणि मागे सैल अंबाडा. व्हिसासाठी 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो हवा होता. पांढऱ्या पडद्यापुढे काढलेल्या पहिल्या फोटोत डोकं कुठे संपतं तेच समजत नव्हतं, कपाळानंतर थेट पडदाच दिसत होता. चेहऱ्याची उंची हनुवटीपासून टाळूपर्यंत 32 ते 36 मिलिमीटर भरावी लागते, आणि टाळूच सापडत नसेल तर मोजायचं कुठून? स्टुडिओतल्या पोराने यावर सरळ केस काळे करायचा सल्ला दिला.

गरज नव्हती. जर्मनीच्या फोटोसाठीच्या नमुना-तक्त्यात पार्श्वभूमी पांढरीच हवी असं नाही. फिकट केसांना मध्यम करडी आणि गडद केसांना फिकी करडी योग्य, असं त्यात म्हटलेलं आहे. मावशींनी तो तक्ता मोबाइलवर दाखवला, पोराने कपाटातून करडा कागद काढून टांगला. मावशींना भिंतीपासून दोन हात पुढे बसवलं, म्हणजे सावली मागे पडणार नाही. अंबाडा घट्ट केला, टाळूवरचे केस ब्रशने दाबले आणि कपाळावरचा घाम टिश्यूने नुसता टिपला, पुसला नाही. हा फोटो पहिल्या नजरेतच बरोबर दिसत होता.

पोराने मग सवयीने माउस हातात घेतला. बऱ्याच स्टुडिओंत पार्श्वभूमी कापून दुसरी बसवतात, तेव्हा सुटे केसही कापले जातात आणि डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी धारदार कड तयार होते. कधी कानाची पाळीही जाते. असा फेरफार केलेला फोटो नाकारला जातो, आणि तो ओळखणं अवघड नसतं. डोक्याची कड मोठी करून पाहिली तर खऱ्या फोटोत ती थोडी विरघळलेली असते, कापलेल्यात चाकूने सोललेली. मावशी खुर्चीतून म्हणाल्या, “बाळा, काही करू नकोस. आहे तसाच छाप, आणि सहा प्रती दे.”