केस इंटरव्ह्यूची तयारी कशी कराल? विक्री वाढूनही नफा घटलेल्या दुकानांचं उदाहरण

कन्सल्टिंग कंपन्यांच्या इंटर्नशिपसाठी मुलाखतीत बहुतेक वेळा एक ‘केस’ दिली जाते. म्हणजे एखाद्या व्यवसायाची अडचण सांगायची आणि साधारण अर्ध्या तासात उमेदवाराने ती मुलाखतकारासमोर, बोलत बोलत सोडवायची. उत्तरापेक्षा तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता इथे जास्त तपासला जातो.

तयारीला लागलेले विद्यार्थी अनेकदा डझनभर फ्रेमवर्क पाठ करतात. सुरुवातीला त्याची गरज नसते. इंटर्नशिपच्या मुलाखतीत नेहमी येणारा प्रकार म्हणजे ‘नफा का घटला?’ आणि त्यासाठी एकच मांडणी पक्की असली तरी बरंच काम होतं: नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न म्हणजे बिलांची संख्या गुणिले सरासरी बिल. खर्चाचे दोन भाग: विक्रीबरोबर वाढणारा आणि विक्री कितीही असली तरी द्यावाच लागणारा.

समजा, केस अशी आहे: पुण्यात वडापाव आणि मिसळीची दुकानं चालवणाऱ्या एका साखळीचा नफा वर्षभरात घटला. कारण शोधा आणि उपाय सुचवा.

ऐकल्याबरोबर ‘जाहिरात वाढवा’ म्हणणारा उमेदवार तिथेच मागे पडतो. आधी प्रश्न आपल्या शब्दांत सांगावा, नफा नेमका किती घटला आणि सगळ्याच दुकानांत घटला का, हे विचारावं. मग मिनिटभर वेळ मागून कागदावर वरची मांडणी काढावी. असा वेळ मागण्यात काही गैर नाही.

मुलाखतकार सांगतो: सगळ्या दुकानांचं चित्र सारखंच आहे. एका दुकानाची महिन्याला ६,००० बिलं होती, आता ६,६०० आहेत. सरासरी बिल १०० रुपयेच आहे. नफा मात्र १ लाख २० हजारांवरून ७२ हजारांवर आला आहे. भाडं आणि पगार धरून २ लाख ४० हजार पूर्वीइतकेच आहेत.

म्हणजे विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि स्थिर खर्च जागचा हलला नाही. उरला फक्त विक्रीबरोबर वाढणारा खर्च. इथे ‘अजून काही माहिती आहे का?’ असं मोघम विचारू नये. ‘एका बिलामागे किती खर्च येतो आणि सगळी बिलं काउंटरवरचीच आहेत का?’ असा प्रश्न हवा. उत्तर मिळतं: कच्चा माल दर बिलाला ४० रुपये, पूर्वीइतकाच. पण आता २,४०० ऑर्डर डिलिव्हरी अॅपवरून येतात. त्यांवर २५ टक्के कमिशन आणि १० रुपयांचं पॅकिंग.

आता गणित मोठ्याने करावं. काउंटरवरच्या बिलातून ६० रुपये सुटतात, अॅपच्या बिलातून फक्त २५. काउंटरची बिलं ६,००० वरून ४,२०० झाली. हे १,८०० ग्राहक अॅपवर गेले असतील, तर प्रत्येकामागे ३५ रुपये, म्हणजे ६३ हजारांचं नुकसान झालं. नव्या ६०० ऑर्डरींतून १५ हजार आले. फरक ४८ हजारांचा, म्हणजे घटलेला नफा बरोबर जुळला.

आकडे जुळले तरी ‘ग्राहक अॅपवर गेले’ हे अजून गृहीतकच आहे. तेच लोक शेजारच्या नव्या दुकानात गेले असतील, तर अॅपने उलट तोटा सावरला आहे आणि उपायच बदलतो. चांगला उमेदवार हे स्वतःहून बोलतो आणि विचारतो. मुलाखतकाराने ‘बहुतेक जुनेच ग्राहक आहेत’ असं सांगितलं, की पुढे जाता येतं.

उपाय काय? अॅपवर दर १५ रुपयांनी वाढवता येतील. इथे घाईत चूक होते, कारण कमिशन वाढीव रकमेवरही लागतं. हातात १५ नव्हे, ११ रुपये २५ पैसेच पडतात. ऑर्डर टिकल्या तर महिन्याला २७ हजार परत येतील. मात्र साधारण ३० टक्क्यांहून जास्त ऑर्डर तुटल्या तर दरवाढ अंगाशी येईल. म्हणून शिफारस अशी: आधी दोन दुकानांत महिनाभर करून पाहावं आणि अॅपच्या ऑर्डरींसोबत काउंटरची बिलंही मोजावीत.

सरावासाठी मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन यांच्या संकेतस्थळांवर नमुना केसेस मोफत मिळतात. त्या वाचून काढण्यापेक्षा मित्राला मुलाखतकार करून, कॅल्क्युलेटर न घेता सोडवाव्यात. मित्राने वारंवार ‘हे का विचारलंस?’ म्हटलं, तर प्रश्न मांडणीतून येत नाहीत, असं समजावं. अशा वेळी नवी केस न घेता तीच पुन्हा पहिल्या कागदापासून सोडवावी.