फोनवर ठरलेला भाव, कागदावर उतरलेली ऑर्डर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून पंपांची आणि वाहनांची कास्टिंग्ज राज्यभर जातात. भाव बहुतेक वेळा फोनवरच ठरतो. ‘पाठवतो पीओ’ असं म्हणून खरेदी खात्याचा माणूस फोन ठेवतो, आणि संध्याकाळी पुरवठादाराच्या मेलवर ऑर्डर कन्फर्म करणारा एक-दोन पानांचा कागद येतो. पुढे भांडण झालं तर दोन्ही बाजू हाच कागद काढून बसतात.

एक नमुना पाहू. समजा, चाकणच्या एका पंप कारखान्याला केसिंगचे २०० नग हवे आहेत. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं ओतीव कवच. ऑर्डरच्या पहिल्या रकान्यात नुसतं ‘पंप केसिंग’ लिहिलं तर गोंधळ ठरलेला, कारण त्याच फाउंड्रीत त्या कारखान्याच्या चार केसिंगचे पॅटर्न असू शकतात. म्हणून आयटम कोड लागतो आणि त्याच्या शेजारी ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांकही. कारखान्याने मागच्या महिन्यात एका फ्लँजची जाडी वाढवली असेल, तर कोड तोच राहतो, फक्त रिव्हिजन ‘बी’चा ‘सी’ होतो. ते एक अक्षर राहून गेलं की फाउंड्री जुन्याच पॅटर्नवर माल ओतते. चूक लक्षात येते ती मशीनिंगला घेतल्यावर, तेव्हा २०० नग तयार झालेले असतात. धातूची ग्रेड, उदाहरणार्थ बिडाची ‘एफजी २६०’, हीसुद्धा याच ओळीत येते.

भावाच्या रकान्यात कास्टिंगची एक खास मेख आहे. इथे दर बऱ्याचदा नगावर नसतो, किलोवर असतो. आपल्या नमुन्यात दर किलोला ११० रुपये आणि एका नगाचं वजन साडेअठरा किलो धरू. नग पडतो २,०३५ रुपयांना, आणि २०० नगांचे होतात ४,०७,००० रुपये, जीएसटी वेगळा. पण साचा थोडा फुगला आणि नग भरला १९.४ किलोचा, तर? जादा १८० किलोचे १९,८०० रुपये बिलात चढतात. म्हणून जाणता खरेदीदार दराखाली एक ओळ टाकतो: ‘कमाल बिलयोग्य वजन प्रति नग १८.५ किलो.’ फाउंड्रीवालाही तेवढाच सावध असतो. भंगाराचे आणि पिग आयर्नचे भाव हलले तर दर कधी बदलायचा, हे तो त्याच कागदावर लिहून मागतो. पॅकिंग आणि गाडीभाडं कोणाकडे, हेही इथेच ठरतं.

डिलिव्हरीचा पत्ता साधा वाटतो, पण बिल ज्याच्या नावाने निघतं, माल त्याच्याच दारात उतरतो असं नाही. इथे बिल चाकणच्या कारखान्याचं, पण केसिंग थेट भोसरीच्या मशीनिंग शॉपला जायची आहेत. म्हणून ‘बिल टू’ आणि ‘शिप टू’ असे दोन पत्ते स्वतंत्र लिहावे लागतात. ई-वे बिलातही ते तसेच भरले जातात. दुसरा पत्ता विसरला की ट्रक चाकणच्या गेटवर उभा राहतो आणि पुढच्या भाड्यावरून वाद सुरू होतो.

उरतात पैसे. समजा ३० टक्के, म्हणजे १,२२,१०० रुपये आगाऊ आणि बाकी माल स्वीकारल्यापासून ३० दिवसांत, असं ठरलं. काही मोठे खरेदीदार सरळ ‘९० दिवस’ छापतात. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार कराराने ठरलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल, तर ती १५ दिवसांवर येते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. दिवस मोजायचे ते माल पोचल्यापासून. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी तक्रार केली असेल, तर ती दूर झाल्यापासून. त्यामुळे ‘क्वालिटी ओके झाल्यावर’ अशी मोघम अट दिसली, की पुरवठादाराने तपासणीची मुदत लिहून मागावी.

कागद मिळाल्यावर पुरवठादाराने सही-शिक्क्याची प्रत परत पाठवायची असते. ती पाठवताना त्याने ‘डिलिव्हरी २० ऐवजी ३० तारखेला’ असं लिहिलं, तर ती बिनशर्त स्वीकृती उरत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं सातवं कलम तेच सांगतं, आणि आता होकार द्यायची पाळी खरेदीदारावर येते. अशा वेळी त्याच पीओ क्रमांकाखाली ‘सुधारणा १’ काढून दोघांनी पुन्हा सही करतात. नंतर बिल आलं, की लेखा विभाग पीओ, माल मिळाल्याची पावती आणि बिल हे तीन कागद शेजारी ठेवून कोड, नग, वजन आणि दर जुळवून पाहतो. एखादा आकडा जुळला नाही, तर बिल तिथेच अडतं.