एकोणपन्नास वर्षांनी कोसळलेला उतार

लंडनजवळ सडबरी हिल इथे 1900 मध्ये रेल्वेसाठी चिकणमाती खोदून उतार काढला. तो 1949 मध्ये घसरला. इतकी वर्षं तो उभा कसा राहिला?

चिकणमातीतून पाणी अतिशय सावकाश सरकतं. खोदताना वरचं ओझं निघालं, माती फुगू पाहू लागली. पण पाणी लगेच आत येईना, म्हणून छिद्रांतल्या पाण्याचा दाब घटला आणि कण एकमेकांना घट्ट धरून राहिले. पाण्याला हलायला वेळ मिळण्याआधीची ही ताकद म्हणजे अनड्रेन्ड कर्तनबल. पुढे वर्षानुवर्षं पाणी मुरत गेलं, दाब वाढला, पकड सैल झाली. पाण्याचा दाब असा स्थिरावल्यावर उरते ती ड्रेन्ड ताकद. घट्ट मातीतल्या कायमच्या खोदाईत हीच निर्णायक ठरते.

मऊ चिकणमातीवर बांध घातला की नेमकं उलट घडतं. भरावाचं ओझं आधी पाण्यावर येतं. ते निचरेल तशी माती घट्ट होते. त्यामुळे सर्वाधिक धोका भराव पूर्ण होताना असतो आणि तिथे अनड्रेन्ड ताकदच तपासावी लागते. भराव टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबून घालतात तो यासाठीच. शंका असेल तिथे अभियंत्याने दोन्ही गणितं करावीत आणि कमी सुरक्षित उत्तर धरावं.